मदत हवी आहे: ग्राहकाचं उत्तर फक्त "दुसरं", काय समजायचं?

सायली_सपोर्ट
कुणीतरी लवकर सांगा. काल एका ग्राहकाला उपाय लिहून पाठवले, आज त्यांचं उत्तर आलं, "दुसरं". पुढेमागे काही नाही. आणि दुसरा उपाय तर मी पाठवायच्या आधीच काढून टाकला होता! मग हे कशाबद्दल बोलतायत? तासाभरात उत्तर द्यायचंय.

कोडकर
सोपं आहे. मोजणी शून्यापासून होते, म्हणून दुसरं हवं तर एक लिहायचं.

```
yadi[1]
```

यादीत एकच घटक असेल तर `IndexError` येईल, तेवढं आधी तपासा.

सायली_सपोर्ट
कोडचा प्रश्न नाहीये. माणसाने लिहिलंय, माणसाला उत्तर द्यायचंय.

विनय_द
"दुसरं म्हणजे कोणतं?" असं विचारा आणि मोकळ्या व्हा. अंदाज बांधायचा नाही, हा माझा नियम आहे.

वैदेही_क
विनय, ज्याने एका शब्दात उत्तर दिलं तो पुन्हा एकाच शब्दात देईल, "दोन नंबरचं". मग आहात तिथेच.
सायली, यादी इथे चिकटवा. तुम्ही टाइप केलीत तशी हवी. आणि त्यांच्या स्क्रीनवर ती कशी दिसली तेही बघा.

सायली_सपोर्ट
यादीत काय आहे त्याने काय फरक पडणार? असो, ही घ्या. हिशेबाचं ॲप आहे, उघडताना अडकतं. मूळ दुसरा उपाय "फोन बंद करून चालू करा" होता. त्यांनी ते आधीच केलं होतं म्हणून ती ओळ काढली.

```
1. ॲपची कॅशे पुसा
3. ॲपचा डेटा पुसा
4. ॲप काढून पुन्हा टाका

तसंच एवढं कळवा:
- फोन कोणता आहे?
- ॲपची आवृत्ती कोणती आहे?
```

वैदेही_क
पाठवलेला मेसेज उघडून बघा. तुमचं टूल मार्कडाऊन वापरत असेल तर त्यांना १, ३, ४ दिसलेलंच नाही, १, २, ३ दिसलंय. मार्कडाऊन यादीतला फक्त पहिला आकडा मानतं, पुढचे स्वतःच ओळीने घालतं. तुमचा "तीन" त्यांच्याकडे "दोन" झालाय.

सायली_सपोर्ट
बाप रे. हो, १, २, ३ च दिसतंय. म्हणजे त्यांचं "दुसरं" म्हणजे डेटा पुसा! मी तर आवृत्तीबद्दल विचारतायत असं धरून "सेटिंगमध्ये सगळ्यात खाली दिसेल" असं लिहायला घेतलं होतं.

शब्दवेडा
थांबा. उपाय पुल्लिंगी, प्रश्नही पुल्लिंगी. उपाय म्हणायचा असता तर "दुसरा" लिहिलं असतं, आवृत्ती म्हणायची असती तर "दुसरी". "दुसरं" म्हणजे "यातलं काही नको, वेगळं सांगा". "दुसरं काही आहे का" मधलं दुसरं. त्यांनी तुमची सगळी यादीच नाकारली आहे.

वैदेही_क
अर्थ बरोबर पकडलात, "दुसरं" मध्ये "वेगळं" दडलेलं असतं खरं. पण लिंगावरून इतकं ठाम नका सांगू. "कॅशे पुसणं", "डेटा पुसणं" असं मनात धरलं तर नपुंसकलिंगीच येतं, आणि काहीच न धरता बोलताना तर माणूस "दुसरं" च म्हणतो. "दुसरी" आलं असतं तर मी आवृत्तीकडे झुकले असते. "दुसरं" ने कुठलीच वाट बंद होत नाही.

शब्दवेडा
माझं मत तरी तेच आहे. आणि मेसेजमध्ये "दुसरे" फारसं कुणी लिहीत नाही, हा वेगळाच विषय आहे.

मंदार_बॅकअप
माझ्याकडेही असंच झालं होतं. डेटा पुसला आणि दोन महिन्यांच्या नोंदी गेल्या. रोज रात्री बॅकअप घ्या, दुसरं तिसरं काही नको. मी आता तीन ठिकाणी ठेवतो. कुणाला पद्धत हवी असेल तर सविस्तर लिहितो.

विनय_द
मंदार, इथे तो विषय नाही. वैदेही, तुमचंच ऐकून सांगतो, चार अर्थ निघत असतील तर विचारायलाच हवं ना?

वैदेही_क
विचारायचंच, पण मोकळा प्रश्न नको. मी आधी बघते की "दुसरं" हे उत्तर कशाला शोभतं. "फोन कोणता आहे?" याला "दुसरं" असं उत्तर होत नाही. उपायांतून निवड मात्र तशीच सांगतात. म्हणून पहिला अंदाज डेटा पुसणं. आवृत्तीचा प्रश्न कळला नसेल, ही शक्यता मागे राहते.
मग बघायचं, अंदाज चुकला तर काय बिघडेल. पहिला उपाय निवडला असता तर मी न विचारता कृती लिहून पाठवली असती, कारण कॅशे ॲप पुन्हा तयार करतं. डेटा पुसला की फोनमध्येच असलेल्या, सर्व्हरवर न पोचलेल्या नोंदी जातात.
आणि एक गोष्ट इथे कुणीच बघितली नाही. त्या वाक्यात क्रियापद नाही. "दुसरं करू का", "दुसरं केलं", "दुसरं जमलं नाही", यातलं काय? त्यांनी पुसून झाल्यावर लिहिलं असेल तर सगळं उत्तरच बदलतं.

सायली_सपोर्ट
हे अंगावर काटा आणणारं आहे. असं पाठवू का?

"नमस्कार. तुम्ही 'ॲपचा डेटा पुसा' याबद्दल लिहिलंय असं समजते. ते अजून केलं नसेल तर कृपया थांबा, त्याने सर्व्हरवर न गेलेल्या नोंदी जातात. आधी ॲप उघडत असेल तर 'सिंक बाकी' चा आकडा कळवा. केलं असेल तर नवीन नोंद भरू नका. वेगळा उपाय हवा असेल किंवा आवृत्ती कुठे दिसते हे विचारायचं असेल तर तसं सांगा. बरोबर ना?"

विनय_द
"बरोबर ना?" ला "हो" आलं की? कशाला हो?

वैदेही_क
विनय बरोबर बोलतोय, ती ओळ काढाच. शेवटी एकच प्रश्न ठेवा: "डेटा पुसलाय की अजून नाही?" याला "पुसलाय" आलं काय किंवा "नाही" आलं काय, तुम्हाला कळेल. "थांबा" ही ओळ सगळ्यात वर घ्या, फोनच्या सूचनेत पहिली ओळच दिसते. आकडे कुठेच नकोत, नावंच लिहा. नाहीतर पुन्हा "पहिलं" येईल.

सायली_सपोर्ट
पाठवलं.

सायली_सपोर्ट
उत्तर आलं: "नाही. १४ बाकी दाखवतंय." म्हणजे पुसलेलं नाही, आणि १४ नोंदी अजून फोनमध्येच आहेत. आधी सिंक करायला सांगितलंय. पण त्यांना डेटा पुसायचा होता की वेगळा उपाय हवा होता, ते त्यांनी अजूनही लिहिलेलं नाही.

शब्दवेडा
वेगळाच हवा होता. बघा तुम्ही.

वैदेही_क
सिंक झाल्यावर विचारा. आणि पुढच्या वेळी ओळ काढलीत तर आकडे नीट लावून मगच पाठवा. प्रश्न वेगळ्या मेसेजमध्ये.

कोडकर
मार्कडाऊनमध्ये `3\.` असं लिहिलंत तर ती यादी राहत नाही, आकडा टाइप केला तसाच दिसतो. फक्त प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ सोडा, नाहीतर सगळं एका परिच्छेदात जातं.

सायली_सपोर्ट
हे कामाचं सांगितलंत. आत्ताच करून बघते.