मराठी उत्तरातले तांत्रिक शब्द: कानाला नीट कसे लागतील?

«उत्तर मराठीत आहे, पण APIचा, JSONमध्ये असे शब्द आले की वाचणारा आवाज अडखळतो. लिहायचं कसं?»

अडखळण्याची जागा म्हणजे शब्दाच्या मध्येच बदलणारी लिपी. मजकूर वाचून दाखवणाऱ्या eSpeak NG या प्रोग्रामचा मराठी आवाज रोमन अक्षरं दिसली की इंग्रजी नियमांवर जातो आणि 'चा' आला की परत फिरतो. त्यामुळे प्रत्यय शब्दापासून तुटतो. 'एपीआयचा डेटा जेसनमध्ये येतो' असं लिहिलं की अख्खं वाक्य एकाच नियमाने वाचलं जातं.

देवनागरीतही एक खाच उरते, ती च आणि ज यांची. मराठीत दोन्हींचे दोन उच्चार आहेत, पण लिहिताना फरक दिसत नाही. 'जावा'तला ज 'जन्म'मधल्यासारखा हवा की 'जाणे'मधल्यासारखा, हे इंजिनाला अक्षरावरून कळत नाही. 'ज्यावा' लिहिलं तर उच्चार सुधारतो, पण वाचणाऱ्याला खटकतं. म्हणून मूळ मजकुराला हात लावू नका, उच्चाराच्या सूचना देणारी एसएसएमएल ही टॅगभाषा चालत असेल तर फक्त आवाजासाठी पर्याय द्या:

```
<sub alias="ज्यावा">जावा</sub>
```

शंका आली तर eSpeak ने नेमके कोणते ध्वनी धरलेत ते छापून बघा:

```
espeak-ng -v mr -q -x "जावा"
```