यूव्ही ४०० आणि पोलराइज्ड

“गॉगलच्या वर्णनात यूव्ही ४०० लिहिले आहे, म्हणजे काच पोलराइज्डच असणार ना?”

तसे नाही. यूव्ही ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवल्याचा दावा. तो अगदी फिकट काचेतही खरा असू शकतो. पोलराइज्ड काच मात्र पाण्यावरून किंवा ओल्या रस्त्यावरून परावर्तित होणारी आडवी चकाकी कापते. गेल्या वर्षी मी घेतलेल्या गॉगलच्या वर्णनात ‘पोलराइज्ड स्टाइल लेन्स’ असे शब्द होते. त्यातला ‘स्टाइल’ माझ्या नजरेतून सुटला. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत दुपारी तो लावला, तेव्हा सगळे काळसर झाले, पण मांडवी नदीवरची चमक जागच्या जागी राहिली. घरी येऊन लॅपटॉपच्या पडद्यासमोर काच धरून ती हळूहळू नव्वद अंशांत फिरवली; पोलराइज्ड असती तर एका कोनात पडदा जवळजवळ काळा दिसला असता, पण काहीच बदलले नाही. या चाचणीतून अतिनील संरक्षण मात्र कळत नाही. त्यासाठी चष्म्याच्या दुकानातील मीटरच लागतो.

फ्रेमच्या रुंदीबाबतही अशीच गफलत होते. काडीवरील ५४-१८-१४० मध्ये १४० ही काडीची लांबी असते, फ्रेमची रुंदी नव्हे. ५४ मिमीच्या दोन काचा आणि नाकावरचा १८ मिमीचा पूल मिळून १२६ मिमी होतात. कडा आणि बिजागरीकडची टोके त्यात धरलेली नसतात. म्हणून विक्रेत्याकडून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे माप मागून घ्यावे आणि ते आपल्या नीट बसणाऱ्या जुन्या चष्म्याशी ताडून पाहावे.