चर्चा: स्क्रिप्ट दोनदा चालली की घोळ, मग दुसऱ्यांदा चालूच द्यायची नाही की चालली तरी काही बदलू नये?

वेळापत्रकवाला:
आमच्याकडे एसटीच्या वेळा आणि गावांची माहिती असलेल्या साध्या टेक्स्ट फायली आहेत, हजारेक असतील. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, आणि आमच्या फायलींत बऱ्याच ठिकाणी नुसतं "नगर" लिहिलंय, म्हणून ही ओळ लिहिली:

```python
t = re.sub(r"\bनगर\b", "अहिल्यानगर", t)
```

काल ती चुकून दोनदा चालली आणि सगळीकडे "अहिल्याअहिल्यानगर". माझं मत, एकदा चालली की एक `.done` फाइल टाकायची आणि ती दिसली तर स्क्रिप्टने गपचूप बाहेर पडायचं. सहकारी म्हणतो हे चुकीचं आहे. तुम्हाला काय वाटतं?

जुना_हमाल:
`.done` बरोबरच आहे, मी पंधरा वर्षं हेच करतोय. काम झालं की खूण करा, खूण असली की हात लावू नका. उगाच रेजेक्सच्या नादी लागून डोकं कशाला पिकवायचं.

टर्मिनलवाली:
काका, खूण कधी टाकणार ते सांगा आधी. शेवटी टाकली आणि स्क्रिप्ट तीनशेव्या फायलीवर एन्कोडिंगच्या एररने मेली तर खूण नाही, म्हणजे परत चालवल्यावर पहिल्या तीनशे फायली दोनदा बदलणार. सुरुवातीला टाकली तर उरलेल्या सातशे कधीच बदलणार नाहीत. आणि पुढच्या आठवड्यात कोणी नवीन फाइल आणून टाकली तिचं काय? खूण फक्त सांगते की स्क्रिप्ट चालली होती, फाइल आत्ता कशी आहे ते सांगत नाही. फायलीकडे बघूनच ठरलं पाहिजे.

कोरा_कागद:
पण मुळात हे होतंय कसं? `\b` लावलंय की, म्हणजे पूर्ण शब्द "नगर" असेल तरच बदलणार. "अहिल्यानगर" हा एकच शब्द, त्यातल्या नगरला ते लागायलाच नको. मी इंग्रजीत करून बघितलं, `\bNagar\b` दुसऱ्यांदा चालवलं तर Ahilyanagar ला अजिबात हात लावत नाही. काहीतरी दुसरंच चुकलंय तुमचं.

टर्मिनलवाली:
इंग्रजीत लागत नाही हे खरंय, तिथेच सगळे फसतात. पायथनचं `re` काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर धरत नाही. "अहिल्या"च्या शेवटी काना आहे, तो त्याच्या लेखी स्पेस किंवा स्वल्पविरामासारखा, त्यामुळे काना आणि "न" यांच्यामध्ये त्याला शब्दाची सीमा दिसते आणि `\bनगर\b` बसतं. "अहमदनगर"मध्ये "द" हे साधं अक्षर, तिथे सीमा नाही, म्हणून ते वाचलं. वेळापत्रकवाले, तुम्ही टेस्ट अहमदनगरवरच केली असणार.

आणि दोनदा चालणं हा तुमचा दुसरा घोळ आहे. पहिला पहिल्याच वेळी झालाय, फायलींत "शिवाजी" शोधून बघा.

वेळापत्रकवाला:
अरे देवा. "शिवाजीअहिल्याअहिल्यानगर". पुण्याच्या सगळ्या गाड्या. आणि कुठेतरी "अहिल्याअहिल्यानगराध्यक्ष" पण आहेत.

जुना_हमाल:
हे `.done` मुळे झालं नाही हां, नोंद घ्या 😄

टर्मिनलवाली:
नोंद घेतली, पण ते असतं तरी हे थांबलं नसतं. `re` मध्येच राहायचं तर सीमा आपण सांगायची:

```python
pat = re.compile(
  r"(?<![\u0900-\u097F])नगर"
  r"(?=ला|हून|चा|ची|चे|च्या|मध्ये|[^\u0900-\u097F]|$)")
```

डावीकडचा भाग म्हणतो की आधी देवनागरीतलं काहीही चिकटलेलं नको, मग ते अक्षर असो की काना. दुसऱ्यांदा चालवल्यावर काही होऊ नये एवढ्यासाठी हा डावा भागच पुरेसा आहे, कारण बदलून झालेल्या नगरच्या आधी कायम "ल्या" येणार. उजवा भाग अर्थासाठी. मराठीत "नगरला", "नगरहून" चिकटून येतं ते घ्यायचंय आणि नगरसेवक, नगराध्यक्ष सोडायचेत. प्रत्ययांची यादी तुमच्या फायली बघून वाढवा, ही काही पूर्ण नाही.

पोस्टकार्ड:
आमच्या ऑफिसात वर्डमध्ये असंच झालं होतं, एकाने "संभाजीनगर"चं "छत्रपती संभाजीनगर" करताना रिप्लेस ऑल दोनदा दाबलं आणि पत्रं "छत्रपती छत्रपती" अशी गेली. शेवटी आम्ही ठरवलं की रिप्लेस ऑल फक्त मॅडमच करतील.

टर्मिनलवाली:
😂 मॅडम म्हणजे चालतीबोलती `.done` फाइल. पण तुमच्या केसला वेगळी युक्ती चालते, आधीचं "छत्रपती" असलं तर तेही गिळून घ्यायचं:

```python
re.sub(r"(?:छत्रपती\s+)*संभाजीनगर", "छत्रपती संभाजीनगर", t)
```

शून्य, एक, तीन कितीही छत्रपती असू देत, बाहेर एकच येणार, म्हणजे आधी झालेली डबल चूकही दुरुस्त होते. फक्त यात किती जागा बदलल्या हे मोजून काही कळत नाही, आकडा दर वेळी तेवढाच येतो. आधीचा आणि नंतरचा मजकूर ताडून बघावा लागतो.

जुना_हमाल:
ठीक, नावांपुरतं पटलं. आता माझी केस घ्या. भाडं १० टक्के वाढवायचंय. १५० चं १६५ झालं. फाइल बघून कसं ओळखणार की १६५ हे वाढलेलं आहे की मुळातच १६५ होतं? कुठलाही पॅटर्न लावा, कळणार नाही. दुसऱ्यांदा चाललं की १८१.५०. इथे खूणच लागते, आणि ती फाइलगणिक लागते हे मी मान्य करतो.

टर्मिनलवाली:
बरोबर, "वाढव" ही क्रियाच तशी आहे. मी तिथे १० टक्के लिहिणार नाही, मार्गाप्रमाणे जुनं आणि नवं भाडं असं टेबल करीन आणि "या मार्गाचं भाडं १६५ कर" असं सांगीन. शंभर वेळा सांगितलं तरी १६५च.

जुना_हमाल:
ते टेबल बनवताना तुम्ही १० टक्के एकदाच लावणार ना, ते कोण बघणार? खूण गेली कुठे, नुसती जागा बदलली.

उलटा_कंदील:
दोघंही मूळ फाइल जागेवरच बदलताय म्हणून हा वाद आहे. मूळ फोल्डर `kachche`, त्याला स्क्रिप्ट हातच लावत नाही, त्यावरून दर वेळी `pakke` नव्याने बनवायचं. आत जाणारं बदलत नाही म्हणून बाहेर येणारंही तेच, भाडं असो की नाव.

वेळापत्रकवाला:
कल्पना चांगली आहे पण आमचे दोन डेपोवाले त्याच फायली थेट उघडून वेळा बदलतात. ते `pakke` मध्ये बदलणार आणि पुढच्या रनला उडणार, मग शिव्या मलाच.

कोरा_कागद:
माझं `\b` चं चुकलंच. पण एक प्रश्न, "नगर परिषद" असं तोडून लिहिलं असेल तर ताईंचा पॅटर्न त्याचंही अहिल्यानगर परिषद करेल ना?

टर्मिनलवाली:
करेल. आणि दुसऱ्यांदा चालवलं तर काही बदलणार नाही, म्हणजे तपासणी पास आणि मजकूर चूक. "शाहू नगर" तोडून लिहिलं तरी तेच. अशा जोड्यांची यादी करून त्या वगळाव्या लागतील, तरी काही डोळ्यांनीच बघाव्या लागतील. वेळापत्रकवाले, म्हणूनच आत्ताच्या फायली उलट्या रिप्लेसने दुरुस्त करत बसू नका, कारण "अहिल्याअहिल्यानगर परिषद" दिसली तर मूळ गावची होती की दुसरीच ते आता फाइल सांगू शकत नाही. जुनी प्रत आहे का?

वेळापत्रकवाला:
रविवारची झिप आहे. सोमवारचे बदल हाताने घालावे लागतील.

टर्मिनलवाली:
मग ती उघडा, नवा पॅटर्न लावून स्क्रिप्ट एकदा चालवा आणि लगेच हे करा:

```
cp -r lekh lekh1
python badal.py
diff -r lekh lekh1
```

`diff` ने एक ओळ जरी दाखवली तर थांबा. टेस्टला शिवाजीनगर, नगरहून आणि नगराध्यक्ष असलेली फाइल मुद्दाम ठेवा.

जुना_हमाल:
आणि `.done` पण टाका.

वेळापत्रकवाला:
`diff` गप्प आहे. "नगर परिषद" ४१ ठिकाणी निघाली, त्या एकेक बघतोय. `.done` चं अजून ठरवलं नाही.