मदत हवी आहे : पोळी दुमडली, कागद दुमडला, तरी १/८ च मोठा म्हणतोय

शेवंती७
नमस्कार मंडळी, जाम वैतागून लिहितेय. मुलाला अपूर्णांक शिकवतेय घरी, पोळीची घडी घालून अर्धी, पाव, आठवा भाग सगळं दाखवून झालं, मग कागदाच्या पट्ट्या करून त्यांच्याही घड्या घातल्या, त्याने स्वतः घातल्या, रंगवल्या सुद्धा हौसेने, आणि एवढं सगळं झाल्यावर विचारलं १/४ मोठा की १/८, तर म्हणे १/८. परत विचारलं, परत तेच. सोमवारी चाचणी आहे. दुसरी काही सोपी युक्ती असेल तर सांगा. व्हिडिओ नकोत, ते बघताना मान डोलावतो आणि नंतर शून्य.

काटेकोर
कितवीत आहे? पट्ट्या केवढ्या होत्या? सगळ्या सारख्या लांबीच्या होत्या का? काहीच लिहिलं नाहीये. आणि पोळी वापरायचीच कशाला, पोळी कधी नीट गोल नसते, भाग समान येत नाहीत, आणि भाग समान नसतील तर तो अपूर्णांकच नाही. फुटपट्टी घ्या, मापून कापा, विषय संपला.

शेवंती७
तिसरीत. पट्ट्या सारख्याच होत्या हो, एकाच वहीच्या पानाच्या. पोळी गोल नसते हे आमच्या सासूबाईंसमोर येऊन बोलून दाखवा.

कढीगोळे
पोळीची घडी घालताना मोडत असेल तर कणीक सैल मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. तव्यावरून काढली की फडक्यात गुंडाळून ठेवायची, वाफेने मऊ राहते, मग चार काय आठ घड्या घाला. फुलका नको, तो गार झाला की चिरतो. भाकरीचं तर विचारूच नका, पहिल्याच घडीला दोन तुकडे.

शेवंती७
ताई पोळी मोडत नाहीये, मुलगा मोडतोय मला.

निवृत्तमास्तर
एक विचारतो. रंगवल्या म्हणजे नक्की काय रंगवलं? एक भाग की सगळे? आणि तुम्ही 'मोठा कोणता' विचारलं तेव्हा त्याच्या समोर काय होतं, उघडलेली अख्खी पट्टी, घडी घातलेली पट्टी, की कापलेला एक तुकडा?

शेवंती७
सगळे भाग रंगवले, प्रत्येक वेगळ्या रंगाने, छान दिसत होतं. मग दोन्ही पट्ट्या उघडून शेजारी शेजारी ठेवल्या आणि विचारलं. कापलं काहीच नाही.

निवृत्तमास्तर
मग पोरगं बरोबर आहे आणि प्रश्न चुकलाय, रागावू नका. त्याच्या समोर दोन पट्ट्या, दोन्ही सारख्याच लांब. एकीवर चार घरं, दुसरीवर आठ घरं. 'मोठं कुठलं' म्हटल्यावर लांबीत फरकच दिसत नाही म्हटल्यावर तो घरं मोजणार, आठ जास्त, मग १/८ मोठा. एक घर घेऊन एक घराशी तुलना करायची हे तुमच्या मनात होतं, त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. माझ्या वर्गात हे दरवर्षी व्हायचं, आणि पट्टी घडी घालून तशीच हातात दिली तर आणखी मजा, आठ पदर जाड लागतात म्हणून 'हा जास्त आहे' म्हणणारी पण दोनचार निघतात.

आता असं करा. पातळ कागदाच्या चार पट्ट्या, २४ सेंटीमीटर लांब आणि बोटभर रुंद. २४ अशासाठी की अर्धा १२, पाव ६, आठवा ३ येतो, पुढे पट्टीने मापायला सोपं जातं. एक पट्टी अख्खी ठेवा, तिला हात लावायचा नाही. दुसरीची एक घडी, तिसरीच्या दोन, चौथीच्या तीन. घडी कायम टोकाला टोक लावून एकाच दिशेने, उभी आडवी मिसळायची नाही, नाहीतर एक पाव लांबट येतो, दुसरा चौकोनी, आणि ते समान आहेत हे पटवण्यातच दिवस जातो. महत्त्वाचं म्हणजे घडी उघडायच्या आधी विचारा, 'आता किती घरं होतील?' दोन घड्यांनंतर चार बरोबर सांगतील, तिसऱ्या घडीला निम्मी पोरं 'सहा' म्हणतात. म्हणू द्या. उघडून मोजू द्या. मग प्रत्येक पट्टीचं एकच घर कापा आणि अख्ख्या पट्टीखाली डाव्या कडेला कड लावून एकाखाली एक ठेवा, १२, ६, ३. आणि 'मोठा कोणता' ऐवजी विचारा, 'हे असले किती तुकडे लावले की अख्खी पट्टी भरेल?' लहान तुकडा आहे म्हणूनच जास्त लागतात, हे त्याने तुकडा सरकवत सरकवत स्वतः बघितलं पाहिजे.

काटेकोर
म्हणजे मी म्हणालो तेच, मापून कापा.

निवृत्तमास्तर
नाही हो. मापून तुम्ही कापून दिलंत तर आठ समान भाग तुमच्या फुटपट्टीने झाले, त्याला आयते मिळाले. घडीत त्याला अर्ध्याचा अर्धा, त्याचा परत अर्धा हे हाताला कळतं. मापायचं ते नंतर, खात्रीला.

काटेकोर
मी आत्ता करून बघितलं, जुन्या कॅलेंडरचं पान घेऊन. तिसऱ्या घडीनंतर एक घर ३.२ आणि एक २.८ आलं. हे समान?

निवृत्तमास्तर
कॅलेंडरचा कागद जाड असतो, वळणावर आतले पदर आणि बाहेरचे पदर सारखे बसत नाहीत, म्हणून सरकतं. वर्तमानपत्र घ्या आणि प्रत्येक घडीनंतर उघडून, नखाने रेघ पक्की करून पुढची घाला. तरी मिलिमीटर इकडे तिकडे होणार. पोराने 'हे घर जरा मोठंय' म्हटलं तर शाबासकी द्या, समान असायला हवं हे कळलंय त्याला.

आण्णा_कोरेगाव
आमच्या वेळी पावकी निमकी पाऊणकी सवायकी दिडकी सगळं तोंडपाठ करून घेत, घड्या बिड्या काही नव्हत्या आणि कुणाचं अडलं नाही. आताची पोरं पाऊण म्हणजे किती विचारलं की तोंडाकडे बघतात. घरात पाव अर्धा पाऊण बोला, १/४ नंतर लिहा.

शेवंती७
आण्णा, तुमच्यावरून आठवलं, आमचे बाबा त्याला सांगतात आठ आणे म्हणजे अर्धा रुपया, चार आणे म्हणजे पाव. म्हणजे आठ मोठा, चार लहान! ह्याच्या डोक्यात तेच बसलं असेल का?

आण्णा_कोरेगाव
अहो पण ते बरोबरच आहे, रुपयाचे सोळा आणे, आठ आणे म्हणजे अर्धा. आठवा भाग म्हणजे दोन आणे. ह्यात चूक कुठे आहे.

निवृत्तमास्तर
चूक नाही आण्णा, पण पोराला दोन्हीकडे 'आठ' ऐकू येतो. आठ आणे म्हणजे सोळातले आठ घेतले, १/८ म्हणजे आठातला एक घेतला. चाचणी होईपर्यंत आणे बाजूला ठेवलेले बरे.

कढीगोळे
पण मग पोळीचं काय झालं? पोळी तर दिसतेच ना डोळ्याने, आठवा तुकडा केवढासा असतो.

निवृत्तमास्तर
दिसतो, पण पोळीत एक गोम आहे. समजा पोळी २० सेंटीमीटरची. पाव तुकड्याची सरळ बाजू १० सेंटीमीटर, आणि आठव्या तुकड्याचीही १०च, कारण टोक मधोमध आणि कड काठाला. अरुंद होतं फक्त तोंड. पोर जर सरळ बाजूची लांबी बघत असेल तर त्याला दोन्ही सारखेच वाटतात. म्हणून पोळीचे तुकडे शेजारी ठेवू नका, पावावर आठवा ठेवा, टोकाला टोक, एका बाजूला बाजू लावून. उरलेली जागा दिसते, त्यात दुसरा आठवा बसतो. आणि तिसरी घडी पोळीला नीट बसत नाही, जाड होते, मग दोन घड्यांवर थांबा, रेघांवर कापा, मग एकेक पाव दुमडून कापा. दोन्ही वेळा पोळी एकाच आकाराची हवी. लहान पोळीची अर्धी आणि मोठ्या पोळीची पाव सारख्या भरल्या की सगळं मुसळ केरात.

हार्डवेअरवाला_मिरज
आमच्या दुकानात नवीन पोरगा लागला की हाच घोळ. आपल्याकडे इंचाचे आठ सूत. पाव इंच म्हणजे दोन सूत, अर्धा म्हणजे चार सूत, पाऊण म्हणजे सहा सूत. मागच्या पोराला पाव इंची बोल्ट आणि तीन सूतचा बोल्ट ह्यात जाड कुठला विचारलं तर म्हणाला पाव, कारण आठातले तीन म्हणजे बारीक काम असणार. मी म्हणलं पाव म्हणजे दोन सूत, आता सांग. लगेच कळलं त्याला. ताई तुमच्या पट्टीवर आठ घरं असतील तर त्याला सूतच म्हणा.

काटेकोर
तिसरीच्या मुलाला सूत? उद्या चाचणीत 'तीन सूत' लिहून येईल.

हार्डवेअरवाला_मिरज
येऊ दे की, मार्क बाई देतील का नाही ते बाईंचं.

निवृत्तमास्तर
मिरजकरांचा मुद्दा बिनकामाचा नाहीये. 'खालचा आकडा मोठा तर अपूर्णांक लहान' एवढंच पोराने पाठ केलं तर ३/८ आणि १/४ ला हमखास फसतो. पावाच्या तुकड्याखाली आठव्याचे तीन तुकडे लावायला सांगा, ९ सेंटीमीटर विरुद्ध ६. वाचताना काय वापरता तुम्ही? 'एक छेद आठ' की 'आठापैकी एक'?

शेवंती७
शाळेत एक छेद आठ म्हणतात.

निवृत्तमास्तर
घरी काही दिवस 'आठापैकी एक' म्हणा.

काटेकोर
ह्याला मी असहमत. शाळेत एक आणि घरी एक म्हणजे चाचणीच्या तोंडावर आणखी गोंधळ. आणि तृतीयांश आला की काय करणार? अर्ध्याचा अर्धा करत गेलं तर तीन भाग कधीच येत नाहीत.

निवृत्तमास्तर
हे मात्र खरं आहे. घडीने दोन, चार, आठच होतात, त्यामुळे काही पोरांना वाटतं अपूर्णांक एवढेच. तीनासाठी पट्टी साडीच्या निऱ्यांसारखी वळवून सरकवत बसवावी लागते, पण ती सोमवारनंतर.

शेवंती७
करून बघितलं काल रात्री, वर्तमानपत्राच्या पट्ट्या. तिसऱ्या घडीला 'सहा' म्हणाला, अगदी सांगितल्यासारखं! उघडून आठ मोजले तर परत मोजले, मग माझ्याकडे बघून म्हणाला, प्रत्येक घराला दोन दोन पोरं झाली. त्यानंतर तुकडे लावले एकाखाली एक, १/४ मोठा लगेच म्हणाला, न विचारता. ३/८ ला मात्र अडकतोय, तुकडे समोर असले की बरोबर, तुकडे उचलले की चूक. चाचणीत तुकडे नेता येणार नाहीत.

निवृत्तमास्तर
कोऱ्या कागदावर हातानेच पट्टी काढून आठ घरं पाडायला शिकवा, वाकडी तिकडी चालतील. तेवढं चाचणीत करता येतं.

शेवंती७
बघते. आणि त्याने आपल्या मनाने चौथी घडी पण घातली, बोटांनी दाबून दाबून, सोळा घरं आली, आता विचारतोय ह्याला काय म्हणायचं.

आण्णा_कोरेगाव
एक आणा.

काटेकोर
चार घड्यांनंतर घरं समान येऊच शकत नाहीत. मापून बघा.