मदत हवी आहे: आठवी विज्ञान, सहा धडे, ३७ दिवस. टाचण कसं बसवू?

शाळेतली_बाई
सत्र परीक्षेआधी ३७ दिवस उरलेत आणि सहा धडे शिकवायचे आहेत. शाळेचं घटक नियोजन तयार आहे, पण त्यावरून रोजचं टाचण लिहायला घेतलं की गणित जमतच नाही. ३७ भागिले ६ केलं तर धड्याला सहा दिवस येतात, आणि प्रत्यक्षात दोन धड्यांतच महिना जातो. शनिवारपर्यंत महिन्याचं टाचण मुख्याध्यापकांकडे द्यायचं आहे. 'जिद्द ठेवा' छाप उत्तरं नकोत, कसं करायचं ते सांगा.

पेठेतला_मास्तर
कोणतं बोर्ड? कोणते सहा धडे? आठवड्याला तासिका किती? ३७ हे शाळेचे दिवस आहेत की तुमच्या विषयाचे तास? हे कळल्याशिवाय कोणीही सांगेल ते हवेतलं असेल.

बीएड_चालू_आहे
ताई, टाचण पंचपदीने लिहा. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन. फळालेखनाचा स्वतंत्र रकाना ठेवा आणि शैक्षणिक साधनं लाल शाईने अधोरेखित करा. आमच्या सरावपाठात याच पद्धतीला पूर्ण गुण मिळाले.

शाळेतली_बाई
@बीएड_चालू_आहे टाचण कसं लिहायचं ते येतं मला. त्यात काय बसवायचं हा प्रश्न आहे.
@पेठेतला_मास्तर राज्य मंडळ, सामान्य विज्ञान, धडे ४ ते ९. धाराविद्युत आणि चुंबकत्व, अणूचे अंतरंग, द्रव्याचे संघटन, धातू-अधातू, प्रदूषण, आपत्ती व्यवस्थापन. आठवड्याला पाच तासिका, ३५ मिनिटांच्या. ३७ म्हणजे शाळेचे दिवस, गणपतीची सुट्टी वजा करून.

कोथरूडची_आई
माझ्या मुलाची विज्ञानाची वही गेल्या वर्षी ऑक्टोबरपर्यंत अर्धीच होती आणि पेपर मात्र सगळ्यावर आला. शेवटी क्लास लावावा लागला. तुमचे ३७ दिवस जातात कुठे ते आम्हा पालकांनाही कळू दे एकदा.

निवांत_गुरुजी
कुठे जातात? ऑनलाइन माहिती भरण्यात जातात. मतदार यादीच्या कामात जातात. कालच सकाळचे दोन तास एकच माहिती तिसऱ्यांदा भरण्यात गेले.

पेठेतला_मास्तर
तो विषय इथे नको, नाहीतर धागा संपेल तरी संपणार नाही.
बाई, ३७ दिवस म्हणजे सहा आठवडे आणि एक दिवस, म्हणजे ढोबळमानाने ३० तासिका. चाचणी यात येते का? आणि शनिवारी तास आहे का?

शाळेतली_बाई
दुसरी घटक चाचणी मध्येच आहे, त्यात विज्ञानाच्या दोन तासिका जातात. पेपर वाटून चर्चा करायला आणखी एक. मला दोन तुकड्या आहेत. 'अ'ला सोमवार ते शुक्रवार रोज तास आहे. 'ब'चे चार तास इतर वारी आणि पाचवा शनिवारी, पण शनिवारी आनंददायी शनिवारचे उपक्रम असतात, त्यामुळे तो होतच नाही.

पेठेतला_मास्तर
मग खरी अडचण हीच आहे, आणि ती पहिल्या पोस्टमध्ये नव्हती. 'ब'च्या ३० मधून शनिवारचे सहा वजा करा, २४ राहिले. चाचणीचे तीन गेले, २१. 'अ'कडे मात्र २७ आहेत. 'अ'वर नियोजन केलंत तर 'ब' कधीच पूर्ण होणार नाही. नियोजन 'ब'चं करा.

आता २१ मधल्या तीन तासिका रिकाम्या सोडा. कोणत्या धड्याला लागतील ते आत्ता ठरवू नका. उरल्या १८. त्या सहा धड्यांत तीन-तीन वाटल्या की पुन्हा फसाल, कारण धडे सारखे नाहीत. मी अशा वाटीन: धाराविद्युत ३, अणू ५, द्रव्याचे संघटन ४, धातू-अधातू ३, प्रदूषण २, आपत्ती १.

अणूला पाच का, तर पुढचे दोन धडे त्याच्यावर उभे आहेत. इलेक्ट्रॉन संरूपण आलं नाही तर संयुजा नुसती पाठ होते. संयुजा समजली नाही तर द्रव्याच्या संघटनातली रेणुसूत्रं जमत नाहीत, आणि धातू इलेक्ट्रॉन का देतो ते धातू-अधातूमध्ये पुन्हा पहिल्यापासून सांगत बसावं लागतं. इथे वाचवलेली तासिका पुढे दोन तासिका खाते.

सहकारनगर_सर
प्रदूषणाला दोन कशाला? प्रदूषण आणि आपत्ती हे दोन्ही घरी वाचायला द्यायचे. प्रकल्प लिहून आणा म्हणायचं, विषय संपला. तीन तासिका मोकळ्या. मी दरवर्षी हेच करतो.

खडू_फळा
सर, परीक्षेत त्या धड्यांवरही प्रश्न असतात, आणि आमच्या वर्गातल्या कच्च्या मुलांना गुण तिथेच मिळतात. तुम्ही म्हणता ते प्रकल्प बरेचदा पालक करतात किंवा दुकानातून चार्ट विकत येतो. घरी वाचायला द्या, पण दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून चार प्रश्न फळ्यावर टाका, तेवढी एक तासिका द्यायलाच हवी. मी तरी प्रदूषणाला दीड देईन.

सहकारनगर_सर
दीड तासिका म्हणजे काय? उरलेल्या सतरा मिनिटांत काय करणार?

खडू_फळा
मागच्या धड्याचं राहिलेलं. प्रत्येक वर्गात काहीतरी राहतंच.

शाळेतली_बाई
वाटणी पटली. पण अणूच्या पाच तासिकांत रोज नेमकं काय? तिथेच मी अडकते. रदरफोर्डचा प्रयोग सांगताना मुलं इतके प्रश्न विचारतात की दोन दिवस त्यातच जातात.

पेठेतला_मास्तर
पहिली तासिका: डाल्टन, थॉमसन, रदरफोर्ड. तिघेही एकाच तासात. वाचायला घाई वाटेल, पण मुलांनी लक्षात ठेवायचं ते एवढंच, की प्रत्येकाच्या प्रतिकृतीत काय खटकलं म्हणून पुढची आली. फळ्यावर सोन्याच्या पत्र्याची एकच आकृती काढा. बहुतेक अल्फा कण सरळ पार जातात, थोडे वळतात, अगदी विरळा एखादा मागे फिरतो. प्रश्न येतील ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, उत्तर रिकाम्या तासात द्या.

दुसरी: बोरची कवचं, प्रोटॉन-न्यूट्रॉन-इलेक्ट्रॉन, अणुअंक आणि अणुवस्तुमानांक. न्यूट्रॉन मोजायची पाच उदाहरणं मुलांनीच करायची.

तिसरी: फक्त के-एल-एम. नवीन काहीही नाही, पहिल्या १८ मूलद्रव्यांचा सराव. शेवटच्या तीन मिनिटांत मॅग्नेशियमचं संरूपण वहीच्या समासात लिहायला सांगा आणि वर्गातून फिरून बघा. २, ८, २ अर्ध्याहून जास्त मुलांना आलं नाही तर रिकामी एक तासिका इथेच वापरा. थोड्याच मुलांचं चुकलं तर दुसऱ्या दिवशीची पहिली पाच मिनिटं पुरतात.

चौथी: संयुजा. इथे एक युक्ती आहे. संयुजा अणूच्या धड्यात येते आणि द्रव्याच्या संघटनात रेणुसूत्रांबरोबर पुन्हा येते. दोन्ही धडे वेगळे घेतले की तेच दोनदा शिकवलं जातं. सोडिअम २, ८, १ आणि क्लोरीन २, ८, ७ फळ्यावर शेजारी लिहा आणि तिथल्या तिथे NaCl पर्यंत जा. मग पुढच्या धड्यात सूत्रांचा फक्त सराव उरतो. म्हणूनच तिथे चार तासिका पुरतात.

पाचवी: समस्थानिके पंधरा मिनिटं. अणुभट्टीचा भाग मुलांनी वाचायचा आणि आकृतीला नावं द्यायची. दिवस तुटलेच तर कापायचं ते इथून कापा, तिसऱ्या-चौथ्यातून नाही.

सहकारनगर_सर
अणुभट्टी कापायची? परीक्षेत आकृती आली तर?

पेठेतला_मास्तर
धडा गाळायचा नाही, शिकवण्याचा वेळ कमी करायचा. आकृती वहीत असेलच.

शाळेतली_बाई
हे मी करू शकते. पण 'अ'कडे सहा तासिका जास्त राहतात त्यांचं काय? आणि मुख्याध्यापकांना टाचणात तारीख लागते. 'ब'ची तारीख एकदा घसरली की पुढची सगळी पानं चुकीची.

पेठेतला_मास्तर
टाचणाला तासिकेचा क्रमांक द्या. अणू-१, अणू-२ असं. तारीख पेन्सिलने. एकच टाचण दोन्ही तुकड्यांना चालतं, तारखेचे रकाने दोन. शेऱ्यात काय राहिलं ते एका ओळीत लिहा. लागोपाठ दोन शेऱ्यांत तोच भाग 'राहिला' दिसला तर तिसऱ्याची वाट पाहू नका, वाटणी तिथेच बदला.

खडू_फळा
पेन्सिलीची तारीख आमच्याकडे चालली नसती. पर्यवेक्षक रोज वही बघतात आणि टाचण आधी आणि शाईनेच हवं. मी पहिल्या आठवड्याचं पूर्ण लिहिते, पुढच्या तीन आठवड्यांना फक्त तासिकेचं शीर्षक आणि उद्दिष्टाची एक ओळ. दर शुक्रवारी पुढचा आठवडा भरते. तोंडी परवानगी आधीच घेऊन ठेवलीय.

पेठेतला_मास्तर
तेही चालेल. महिन्याचं सगळं सविस्तर लिहिलं की दुसऱ्या आठवड्यातच ते वहीपुरतं उरतं.

खडू_फळा
आणि 'अ'च्या जास्तीच्या तासिकांत प्रयोग करा. विद्युतघंटा उघडून दाखवणं, विद्युतचुंबकाचे वेढे वाढवून किती टाचण्या चिकटतात ते मोजणं. गटात करायला एक तासिका पूर्ण लागते. पुढचा धडा मात्र सुरू करू नका, दोन तुकड्या दोन धड्यांवर गेल्या की तुमचीच तारांबळ.

कोथरूडची_आई
म्हणजे 'ब'च्या मुलांना प्रयोग नाहीत? त्यांची काय चूक?

सहकारनगर_सर
बरोबर आहे बाईंचं. 'ब'ची शनिवारची तासिका बदलून घ्या. खेळाचा किंवा कार्यानुभवाचा एखादा तास मागा, देतात.

निवांत_गुरुजी
खेळाचा तास मागू नका हो. आधीच मुलं दिवसभर बाकावर. आनंददायी शनिवारातच विद्युतचुंबक घ्या ना, उपक्रम म्हणूनच. टाचण्या मोजायला कोणाला आवडत नाही?

शाळेतली_बाई
शनिवारचे उपक्रम आधीच ठरलेत, यादीत विज्ञान एकदाच आहे. ते 'ब'साठी मागून बघते. खेळाचा तास आमचे सर देणार नाहीत, विचारायलाही भीती वाटते.

बीएड_चालू_आहे
ताई, तुमचं टाचण पूर्ण झालं की फोटो टाकाल का? पुढच्या महिन्यात आमची आंतरवासिता आहे आणि मला आठवीच मिळाली आहे.

शाळेतली_बाई
टाकते, पण आधी सही होऊ दे. आणि एक राहिलंच. धाराविद्युतच्या तीन तासिकांत घटांचे प्रकार आणि विद्युतचुंबक बसवले, पण घटांच्या जोडणीला वेळ उरत नाही. ती पहिल्याच तासात घेऊ की शेवटी?

पेठेतला_मास्तर
पहिल्याच तासात, कोरड्या घटाबरोबर. दोन घट, एक बल्ब, पोरांच्या हातात. मग लेड-आम्ल वाचूनही कळतो.

सहकारनगर_सर
मी शेवटी घेतो.