पाळी आली असंच वाटलं : नळीतल्या गर्भाचे अनुभव लिहा

मोगरा_परभणी

मोठ्या जावेला विचारून लिहितेय. तीच म्हणाली, "लिही, दुसरीला तरी कळंल."

वहिनींचं, म्हणजे या जावेचंच, वय ३४, दोन मुलं, गाव सेलू तालुक्यात. धाकट्याच्या वेळी नऊ वर्षांपूर्वी शिबिरात बंदचं ऑपरेशन झालेलं. तेव्हापासून घरात 'दिवस' हा विषयच संपला होता. यंदा पाळी आठ दिवस पुढं गेली, मग आली. आली म्हणजे काय, तपकिरी डाग. एक कापड दिवसभर पुरायचं. वहिनींनी मनाशी म्हटलं, वय होत चाललंय, आता असंच येणार.

चौथ्या दिवशी उजव्या ओटीपोटात कळ. गावातल्या डॉक्टरांनी गॅसचं आणि दुखण्याचं इंजेक्शन दिलं, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १०.८. "रक्त चांगलंय" म्हटल्यावर घरचे निर्धास्त झाले. पाळी विचारली तेव्हा त्यांनी "चालू आहे" असं सांगितलं. ते खोटं नव्हतं, त्यांना तसंच वाटत होतं.

दुसऱ्या रात्री दोन वाजता वहिनींना सारखी संडासची भावना होऊ लागली. तीनदा जाऊन आल्या, काही नाही. आडवं झालं की उजवा खांदा दुखायचा. आम्ही तिथं बाम चोळत बसलो. पोटात काय चाललंय आणि आम्ही खांदा चोळतोय! चौथ्यांदा गेल्या त्या न्हाणीच्या दारातच घेरी येऊन पडल्या. ओठ पांढरे, अंग गार.

परभणीला नेलं. तिथल्या बाईंनी तारीख विचारली. सासूबाई मधेच म्हणाल्या, "तिचं ऑपरेशन झालंय, तसलं काही नाही." बाई म्हणाल्या, "असू द्या, लघवी तर तपासू." दोन रेषा. सोनोग्राफीत पिशवी रिकामी आणि पोटभर रक्त. उजवी नळी फुटली होती. पोट उघडल्यावर दीड लिटरच्या आसपास रक्त काढलं म्हणे. तोवर हिमोग्लोबिन ६.२ वर आलेलं, रक्ताच्या तीन पिशव्या लागल्या. ती नळी काढली, दुसरीही काढून टाकली.

ज्यांच्यावर किंवा ज्यांच्या घरी अशी वेळ आली असेल त्यांनी लिहा. पहिलं लक्षण काय होतं आणि ते कशावर ढकललं, हे जरूर लिहा.

अंजली७७

मला पाचवा महिना चालू आहे. सोनोग्राफीत 'वार खाली आहे' आलंय. हेच का ते? खूप घाबरले आहे.

मोगरा_परभणी

नाही ताई, हे वेगळं. तुमचं बाळ पिशवीतच आहे, फक्त वार तोंडाजवळ आहे. तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि हा धागा रात्री वाचू नका.

कोयत्याची_लेक

मी आशा सेविका आहे, बीड जिल्ह्यात. आमच्याकडच्या टोळ्या दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यातच परततात. त्यातल्याच एकीचं सांगते. नाव-गाव नाही सांगत.

तिकडं फडात असताना पाळी चुकली. तिसरं नको होतं. नवऱ्यानं मेडिकलवरून गोळ्या आणल्या, पाच गोळ्यांचं पाकीट मिळतं ते. सोनोग्राफी नाही, काही नाही. घेतल्यावर अंगावरून भरपूर गेलं, म्हणून सुटका झाली असं समजून तिसऱ्या दिवशी मोळ्या उचलायला लागली. खाडा लागला तर पैसे कापतात, कोण थांबतंय.

मग पंधरा दिवस रोज थोडं थोडं जातच राहिलं आणि डाव्या बाजूला चमक मारायची. मुकादमाची बायको म्हणायची, गोळ्यांनी असं होतंच. मला तिनं फोन केला तो थकवा येतो म्हणून, रक्ताच्या गोळ्या विचारायला. मी सगळं विचारत गेले तेव्हा म्हणाली की लघवीला बसून उठलं की डोळ्यापुढं अंधारी येते. मी म्हटलं, आज काम सोड आणि मोठ्या दवाखान्यात जा. मुकादमाशी भांडण मी फोनवर केलं. नळीतच होतं. फुटायला आलेली, पण फुटली नव्हती.

त्या गोळ्या पिशवीतल्या गर्भावर चालतात. नळीतला तिथंच राहतो, आणि पिशवीतून रक्त गेल्यामुळं बाईला वाटतं झालं मोकळं. ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं होतं, पण तिच्याशी बोलल्यावरच डोक्यात बसलं.

लातूरकर_मामी

हे सगळं तांबीमुळं होतं. माझ्या भाचीला तांबी असताना नळीत राहिलं. दोन मुलांत अंतर ठेवायचं म्हणून बसवली आणि जिवावर बेतलं. ज्यांनी बसवलीय त्यांनी काढून टाका.

टाकेवाली

मामी, भाचीचं खरं आहे, पण सल्ला उलटा पडेल. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं ग्रामीण रुग्णालयात काढली.

तांबी असताना मुळात दिवस राहणंच फार कमी. त्यामुळं काहीच न वापरणाऱ्या बाईपेक्षा तांबीवालीला नळीत गर्भ राहण्याची शक्यता कमीच असते. पण तांबी पिशवीतल्या गर्भाला जितकी अडवते तितकी नळीतल्याला अडवत नाही. म्हणून तांबी असूनही कुणाला राहिलेच, तर तो नळीत असण्याचा संशय आधी घ्यायचा. तांबी काढायची गरज नाही. तांबी आहे आणि पाळी चुकली किंवा विचित्र आली, तर त्याच दिवशी लघवी तपासा.

बंदच्या ऑपरेशनचं जवळपास तसंच. नळी कापून बांधली तरी वर्षांनी कधी कधी टोकं जुळतात, किंवा बारीक वाट तयार होते. त्या वाटेनं शुक्राणू जाईल, पण त्याच्या कितीतरी पट मोठा गर्भ परत पिशवीकडं येऊ शकत नाही. तो तिथंच अडकतो आणि तिथंच रुजतो. ऑपरेशननंतर राहिलेल्या गर्भांपैकी साधारण एक तृतीयांश नळीतले निघतात, आणि ते दहा वर्षांनीही होऊ शकतं. "ऑपरेशन झालंय" हे ऐकून लघवी न तपासणारा डॉक्टर जसा चुकतो, तशी एकेकाळी मीही चुकले आहे.

मोगराताई, तुमच्या वहिनींच्या १०.८ बद्दल. आत रक्त वाहायला लागलं की पहिले काही तास हिमोग्लोबिन फारसं उतरत नाही. घागरीतलं अर्धं ताक सांडलं तरी उरलेलं तेवढंच दाट असतं ना, तसं. शरीर पाणी ओढून घेतं तेव्हा आकडा पडतो. तरुण बाईचं बीपीसुद्धा बराच वेळ टिकतं आणि मग एकदम कोसळतं. त्यामुळं त्या आकड्यावर कुणी निर्धास्त होऊ नये.

आणि खांदा. साचलेलं रक्त आडवं झाल्यावर वर सरकतं, श्वासाच्या पडद्याला लागतं. त्या पडद्याची आणि खांद्याची नस एकाच मुळाची, म्हणून दुखतो खांदा. संडासची भावनाही तशीच, रक्त गुदाशयाच्या पुढच्या खोलगट जागेत साचतं. ही दोन्ही लक्षणं दिसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. १०८ ला फोन करा, बाम शोधत बसू नका. (हे तुम्हाला टोचून नाही हो, आमच्या घरातही असंच झालं असतं.)

निळी_छत्री

माझं वेगळं आहे, माझ्या बाबतीत घाई कुणालाच नव्हती. छत्रपती संभाजीनगरला आयव्हीएफ केलं. विशीत टीबी झालेला, पोटातला. सहा महिने औषधं घेऊन बरी झाले, पण नळ्या खराब झाल्या, एकीत पाणी साचलेलं. डॉक्टर म्हणाले होते, आधी ही नळी काढू. मी नको म्हटलं. आपली एक तरी गोष्ट जागेवर राहू दे, असा वेडा हट्ट.

गर्भ सोडल्यावर चौदाव्या दिवशी रक्तातला बीटा, म्हणजे दिवस राहिल्याचा आकडा, ८८ आला. घरी पेढे. दोन दिवसांनी १२१, आणखी दोन दिवसांनी १७०. वाढतोय म्हणून मी खूश, मॅडमचा चेहरा मात्र तसा नव्हता. त्या म्हणाल्या, या दिवसांत दोन दिवसांत निदान दीडपट तरी व्हायला हवा. पिशवीत काही दिसण्याइतका आकडा नव्हता, म्हणून वाट पाहायची. बारा दिवसांनी ११८०. पिशवी रिकामी, डाव्या नळीजवळ दोन सेंटिमीटरची गाठ, ठोके नाहीत. दुखत अजिबात नव्हतं. एवढंसं डागसुद्धा नाही.

मी विचारलं, गर्भ तुम्ही पिशवीत सोडला, मग नळीत गेला कसा? म्हणाल्या, सोडल्यावर तो लगेच चिकटत नाही, एखाद-दोन दिवस तरंगतो. पिशवीच्या हालचालीनं नळीत सरकला तर चांगली नळी त्याला परत ढकलते. खराब नळी ढकलू शकत नाही.

गर्भाची वाढ थांबवणारं मेथोट्रेक्झेटचं इंजेक्शन दिलं, उंची-वजनावरून डोस काढून. फॉलिक ॲसिड त्याच दिवशी बंद, कारण ते औषध त्याच्याच विरुद्ध काम करतं. वर्षभर रोज आठवणीनं घेतलेली गोळी अशी फेकायला लागली. चौथ्या दिवशी बीटा १४१०. मी रडून गोंधळ घातला. पण चौथ्या दिवशी वाढू शकतो, बघायचं ते चौथ्यापासून सातव्यापर्यंत १५ टक्के तरी उतरतो का. सातव्या दिवशी १०२०. मग दर आठवड्याला रक्त, शून्यावर यायला सहा आठवडे.

मधे सहाव्या दिवशी रात्री खूप दुखलं. इंजेक्शननं गाठ सुटताना दुखतं म्हणतात, पण नळी फुटतानाही दुखतंच. घरी बसून कसं ओळखायचं? मी ॲडमिट झाले, फुटली नव्हती. आता नवरा म्हणतो, उगीच गेलो. टाकेवाली मॅडम, उगीच होतं का?

टाकेवाली

उगीच नव्हतं. मलाही नुसत्या फोनवर त्यातला फरक सांगता येत नाही. नाडी, बीपी, सोनोग्राफी बघूनच बोलता येतं, आणि कधी कधी तेही एकदा बघून पुरत नाही, रात्रभर ठेवून घ्यावं लागतं. पुन्हा राहिलं तर सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या, आयव्हीएफ असो वा नसो. त्या खराब नळ्यांचं काय करायचं यावर मात्र तुमच्या मॅडमशीच बोला. कागद न बघता मी मत देणार नाही.

लातूरकर_मामी

भाचीला विचारलं. तीही म्हणते, पाळी वीस दिवस पुढं गेली होती, पण तांबी आहे म्हणून तपासलंच नाही. तांबी काढायचं माझं बोलणं मागं घेते. पण भाची परत बसवणार नाही, तेवढं तिचं तिला ठरवू द्या.

कोयत्याची_लेक

मोगराताई, वहिनींचं ऑपरेशन सरकारी शिबिरातलं ना? मग फेल झाल्याची भरपाई मिळते. पण कळल्यापासून ९० दिवसांच्या आत अर्ज लागतो, आणि ऑपरेशनचं प्रमाणपत्र.

मोगरा_परभणी

आज ७१ वा दिवस आहे. प्रमाणपत्र घर बांधताना ट्रंकेत होतं, ती ट्रंक आता दिरांच्या शेतातल्या खोलीत, वर कडब्याचा ढीग. उद्या काढतो. नाही सापडलं तर आरोग्य केंद्राच्या रजिस्टरमधे नऊ वर्षांपूर्वीची नोंद मिळते का, कुणी काढली असेल तर सांगा.