‘मुख्य व्यवसाय’ की ‘प्रमुख धंदा’? आणि ‘रेग्युलेटर’ला काय म्हणायचं?

कुशावती
सांगे भागातल्या एका जुन्या घरगुती कंपनीचं टिपण मी मराठीत करते आहे. भागधारक बहुतेक ज्येष्ठ आहेत, त्यांना इंग्रजी कागद नको असतो. कंपनी खाणींचं खनिज नदीतून वाहणाऱ्या बार्जींची. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, मधे थोड्या चालल्या, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. मग बार्जी विकल्या, काही पैसे बँकेत मुदतठेवीत ठेवले आणि काही ट्रकवाल्यांना आणि लहान कंपन्यांना व्याजाने दिले. आता लेखापरीक्षक म्हणतात की कंपनीचा ‘प्रिन्सिपल बिझनेस’ वित्तपुरवठा झाला आहे, त्यामुळे रिझर्व्ह बँक तिची ‘रेग्युलेटर’ ठरते.

मी ‘मुख्य व्यवसाय’ आणि ‘नियंत्रक’ असं लिहिलं. सर्वांत थोरल्या भागधारकांनी कागद परत पाठवला. म्हणाले, "आमचो धंदो बार्जींचो. व्याज खावप हो धंदो न्हय." शिवाय रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण बँकांवर असतं, आपण बँक आहोत का, असंही विचारलं. कोणते शब्द वापरू?

शब्दवेडा
‘नियंत्रक’ नको. रेरा म्हणजे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, विजेचे दर ठरवतो तो नियामक आयोग. ‘नियामक’ हा रुळलेला शब्द आहे, तोच घ्या. दोन्ही शब्द ‘यम्’ धातूचेच. ‘यंत्र’सुद्धा त्यातलंच. पण नियंत्रक म्हटलं की रोजचा कारभार हाकणारा वाटतो. नियामक नियम घालून देतो आणि ते पाळले जातात का ते पाहतो.

म्हापशेंकार
लोक सरळ ‘रेग्युलेटर’ म्हणतात, तसंच लिहा ना. म्हापशाच्या बाजारात नियामक कोणाला कळणार?

शब्दवेडा
बाजारात रेग्युलेटर म्हटलं की लोक पंख्याकडे बघतात. वापरात नाही म्हणून शब्द टाकत गेलो तर तो वापरात येणार कधी?

दिवचलकर
शब्दांआधी एक विचारतो. लेखापरीक्षक चुकत तर नाहीत ना? कंपनीचा धंदा कोणता हे तिच्या मेमोरँडममधल्या उद्देशांवरून ठरतं. तिथे जलवाहतूक लिहिली असेल तर जलवाहतूकच. कंपनीच्या सीआयएन क्रमांकातही पहिल्या अक्षरानंतर पाच आकडे असतात, ते उद्योगाचे. ते पाहिलं की कंपनी कोणत्या खात्याची ते समजतं. थोरले बरोबर बोलताहेत.

मांडवीपार
दिवचलकर, तुम्ही म्हणता ते नोंदणीच्या दिवसापुरतं खरं आहे. ते पाच आकडे कंपनी सुरू होताना मिळतात आणि पुढे धंदा बदलला तरी बहुधा तेच राहतात. मेमोरँडम कंपनीला काय करता येईल ते सांगतं. ती आज काय करते ते सांगत नाही. ताळेबंद वाचणं हेच माझं काम, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात ‘प्रिन्सिपल बिझनेस’ची व्याख्याच नाही. 1999 च्या एप्रिलमध्ये बँकेने एक प्रसिद्धीपत्रक काढून कसोटी सांगितली आणि अजून तीच चालते. शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदात दोन गोष्टी बघायच्या. एकूण मालमत्तेपैकी निम्म्याहून जास्त वित्तीय आहे का, आणि एकूण उत्पन्नापैकी निम्म्याहून जास्त त्या वित्तीय मालमत्तेतून आलं का. दोन्ही उत्तरं ‘हो’ असली तरच ती बँकेतर वित्तीय कंपनी. एकच ‘हो’ असेल तर नाही.

कुशावतीताई, थोरल्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. बँक नसतानाही रिझर्व्ह बँक येते, कारण ती पाटी बघत नाही, पैसा कुठे आहे ते बघते. दोन वर्षांचे आकडे देता येतील का? नाव नको.

कुशावती
गोलाकार आकडे देते. पहिल्या वर्षी मालमत्ता 10 कोटी. त्यात गोदी आणि जमीन 2 कोटी, बँकेतल्या मुदतठेवी 4 कोटी, दिलेली कर्जं 4 कोटी. उत्पन्न 88 लाख: भाडं 15, ठेवींचं व्याज 25, कर्जांचं व्याज 48. दुसऱ्या वर्षी 2 कोटींच्या ठेवी मोडून तेही कर्जाने दिले. तेव्हा उत्पन्न 99 लाख, त्यातलं कर्जांचं व्याज 72.

दिवचलकर
मग हा प्रश्न पहिल्या वर्षापासूनच आहे! ठेवी आणि कर्जं मिळून 10 पैकी 8 कोटी, उत्पन्नातही 88 पैकी 73 लाख. दोन्हीकडे ऐंशी टक्क्यांच्या आसपास. मी आधी म्हटलं ते सोडा, ही कंपनी पहिल्याच वर्षी गेली.

मांडवीपार
नाही. इथेच बरेच जण घसरतात. बँकेतली मुदतठेव या कसोटीत वित्तीय मालमत्ता धरत नाहीत आणि तिचं व्याजही वित्तीय उत्पन्न धरत नाहीत. रिझर्व्ह बँकेने आपल्या प्रश्नोत्तरांत हे स्पष्ट लिहिलं आहे: ठेव म्हणजे जवळजवळ रोख, रिकामा पैसा तात्पुरता ठेवण्याची जागा.

म्हणून पहिल्या वर्षी वित्तीय मालमत्ता फक्त कर्जांची, 10 पैकी 4 कोटी. निम्म्याच्या खाली. उत्पन्नात मात्र 88 पैकी 48, निम्म्याच्या वर. एकच कसोटी लागली, म्हणजे कंपनी मोकळी. दुसऱ्या वर्षी कर्जं 6 कोटी झाली आणि 99 पैकी 72 लाख त्यांतून आले. दोन्ही लागल्या. म्हणजे कंपनीचा धंदा बार्जी विकल्या त्या दिवशी बदलला नाही. ठेवी मोडून कर्जं वाढवली त्या वर्षी बदलला.

दिवचलकर
पण ते उत्तर कोणत्या प्रश्नाला होतं? मी आत्ता वाचून आलो. नोंदणी घेऊन धंदा सुरूच न करणाऱ्या, फक्त ठेवी ठेवून बसलेल्या कंपन्यांबद्दलचा तो प्रश्न आहे. तो या कंपनीला कसा लावता? हिच्या ठेवी काही वर्षं तशाच पडून होत्या. ‘तात्पुरत्या’ कशा?

मांडवीपार
प्रश्नाचा संदर्भ तोच, मान्य. पण ठेव का धरायची नाही याचं कारण बँकेने कायद्यातल्या वित्तीय संस्थेच्या व्याख्येतून दिलं आहे, आणि ती व्याख्या सगळ्यांना सारखीच. मी असाच लावतो. दुसऱ्या एखाद्या लेखापरीक्षकाने उलट मत दिलं तर मी त्याच्याशी वाद घालीन, पण त्याला वेडा म्हणणार नाही.

जुवारी
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण विचारतेच. माझी ठेव एका पतसंस्थेत अडकली आहे. मुदत संपली, पैसे देत नाहीत. मी रिझर्व्ह बँकेला लिहिलं, त्यांनी आमच्या कक्षेत नाही असं कळवलं. व्याजाचा धंदा केला की रिझर्व्ह बँक येते म्हणता, मग इथे का नाही?

मांडवीपार
जुवारीताई, पतसंस्था ही कंपनी नसते. ती सहकार कायद्याखाली जन्मते, म्हणून तिच्यावर सहकारी संस्थांच्या निबंधकांची देखरेख. गोव्यात नोंदलेली असेल तर 2001 चा गोवा सहकारी संस्था कायदा लागू होतो. तक्रार पणजीच्या निबंधकांकडे करा. सहकारी बँक असती तर गोष्ट निराळी. तिथे रिझर्व्ह बँकही असते.

शब्दवेडा
आता हा तिसरा शब्द आला, ‘निबंधक’. नोंद बांधून ठेवणारा. कंपन्यांनाही निबंधक असतो. पत्रकांवर ‘सरकारमान्य नोंदणीकृत कंपनी’ असं छापतात तेव्हा नोंद या निबंधकाकडे झालेली असते आणि वाचणाऱ्याला वाटतं की नियामकाने तपासली आहे. मराठीत हे दोन शब्द इतके वेगळे असताना भाषांतरात दोन्हीला ‘मान्यता’ म्हणून टाकतात, याची मला मनापासून चीड येते. कुशावतीताई, तुमच्या टिपणात ‘मान्यता’ कुठेच येऊ देऊ नका.

म्हापशेंकार
हे पटलं. बाहेरच्या माणसाने कसं ओळखायचं पण? मला उद्या कोणी अशी कंपनी दाखवली तर?

मांडवीपार
नोंदणी झालेल्या वित्तीय कंपन्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे, आधी ती पाहा. तिथे नाव नसेल तर कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर 100 रुपये भरून तिचा ताळेबंद काढता येतो. त्यात लेखापरीक्षकांच्या अहवालाला जोडलेलं परिशिष्ट असतं. सोळाव्या कलमात त्यांना सांगावंच लागतं की रिझर्व्ह बँकेची नोंदणी आवश्यक होती का आणि घेतली का. अगदी लहान खासगी कंपन्यांना मात्र हे परिशिष्ट लागत नाही, तिथे आकडे स्वतःच मांडून बघावे लागतात.

कुशावती
सोळावं कलम आमच्याकडे आहे, तिथूनच हे सगळं सुरू झालं. आता नोंदणी घ्यायची असं ठरतंय.

मांडवीपार
थांबा. नोंदणी मागून लगेच मिळत नाही. 2022 पासून नव्या कंपनीला साधारणपणे 10 कोटींचा स्वतःचा निधी लागतो. तुमची सगळी मालमत्ताच 10 कोटी आहे, त्यातून देणी वजा केली की तेवढा उरणार नाही. आणि नोंदणीशिवाय हा धंदा चालू ठेवणं हा गुन्हा आहे, त्याला एक ते पाच वर्षं कैद आणि वर दंड. त्यामुळे संचालकांपुढे खरा मार्ग एकच दिसतो: नवी कर्जं थांबवायची, जुनी वसूल करत निम्म्याखाली आणायची आणि तसा ठराव करून लेखापरीक्षकांना दाखवायचा. वसूल झालेला पैसा शेअरांत घालू नका. शेअरही वित्तीय मालमत्तेतच मोजतात.

दिवचलकर
आणि ठेवीत घातला तर मोजत नाहीत, हे तुमचं मत.

मांडवीपार
माझं मत, हो.

शब्दवेडा
मूळ प्रश्न राहिला. मी ‘मुख्य व्यवसाय’च म्हणेन. ‘धंदा’ शब्दात माणसाची ओळख येते, म्हणून थोरल्यांना लागलं. कसोटी ओळखीची नाही, आकड्यांची आहे.

म्हापशेंकार
उलट! ‘धंदा’ लिहिलंत म्हणून तर त्यांना कळेल की काय बदललं ते. व्यवसाय म्हटलं की डॉक्टर-वकील आठवतात. गोव्यात बार्जीवाल्याने आपल्या कामाला कधी व्यवसाय म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

कुशावती
मला दोन्ही पटतंय, म्हणून ओळच बदलून बघते: "कंपनीची निम्म्याहून जास्त मालमत्ता आणि निम्म्याहून जास्त उत्पन्न आता दिलेल्या कर्जांचं आहे, म्हणून रिझर्व्ह बँक तिची नियामक ठरते." प्रिन्सिपल बिझनेस उडवला. चालेल?

शब्दवेडा
अर्थ आला, पण संज्ञा टाळली. पुढच्या पानावर ती पुन्हा येईल तेव्हा काय करणार?

जुवारी
मधेच येते, माफ करा. पावती काढून पाहिली. तिच्यावर पत्ता मडगावचा, पण ‘कार्यक्षेत्र गोवा व महाराष्ट्र’ असं आहे. तरी पणजीलाच जायचं का?

मांडवीपार
मग थांबा. नोंदणी क्रमांकात ‘एमएससीएस’ अशी अक्षरं आहेत का बघा. असतील तर ती बहुराज्यीय संस्था, तिचे निबंधक दिल्लीला. त्यांच्यासाठी 2023 च्या दुरुस्तीने सहकार लोकपालही आला आहे, सभासदांच्या ठेवींची तक्रार त्याच्याकडे करता येते. क्रमांक सांगा, मग पुढचं लिहितो.